स्थिर पाण्यात सोडलेला गोल जेट किती पसरतो आणि वेग किती उतरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळीकडे एकच नोझल धरून चालूया, म्हणजे आकडे डोक्यात बसतात. तोंड गोल, १० मिलिमीटर व्यासाचं, त्यातून पाणी निघतंय २ मीटर प्रति सेकंदाने, आणि नोझल अशा मोठ्या पाण्यात बुडवलंय की भिंती लांब लांब आहेत आणि आजूबाजूचं पाणी एकदम शांत. आतलं-बाहेरचं पाणी सारखंच, तापमानही तेच. हवेत हवा सोडली तरी हेच गणित चालतं, फक्त घनता बदला.

जेट पुढे जाताना नेमकं काय कायम राहतं?

पहिलं उत्तर बहुतेक जण देतात की पाणी, म्हणजे फ्लो रेट. चूक. दुसरं उत्तर येतं एनर्जी, तेही चूक. कायम राहतो तो मोमेंटम फ्लक्स, म्हणजे शाळेतला संवेग दर सेकंदाला किती वाहून जातो तो आकडा.

कारण अगदी साधं आहे. जेटला आडवा छेद द्या आणि विचारा, नोझलपासून या छेदापर्यंतच्या पाण्यावर पुढच्या किंवा मागच्या दिशेने जोर कोण लावतंय? भिंत नाही. दाब बाहेर जवळपास सगळीकडे सारखाच, आणि जेटच्या आतही जवळपास तेवढाच. बाहेरून जे पाणी जेटमध्ये खेचलं जातं ते बाजूने येतं, पुढच्या दिशेचा वेग घेऊन येत नाही, त्यामुळे संवेगाच्या खात्यात त्याची जमा शून्य. जोर लावणारं कुणीच नाही तर संवेग बदलणार कसा. जेट रुंद होतो, मंदावतो, पण बेरीज तीच राहते.

आपल्या नोझलसाठी ती बेरीज, rho म्हणजे घनता, d व्यास आणि U0 निघतानाचा वेग:

```
J = rho * (pi/4) * d^2 * U0^2
  = 1000 * 7.85e-5 * 4  =  0.314 N
```

म्हणजे साधारण ३२ ग्रॅम वजनाएवढा जोर. नोझलला मागे बसणारा धक्काही हाच, आणि एक मीटर पुढे जेट धूसर झाला तरी तिथेही हाच ०.३१४ न्यूटन वाहतोय. नोझलच्या तोंडावर वेग सगळीकडे सारखाच धरलाय, लांब पाइपमधून येणारं पाणी असेल तर आकडा थोडा वर सरकतो.

मग x म्हणजे नोझलपासूनचं अंतर धरलं तर मधल्या रेषेवरचा वेग १/x नेच का उतरतो? १/x² का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बरोबरच आहे, कारण लोकांच्या डोक्यात दिव्याचा प्रकाश असतो, क्षेत्रफळ x² ने वाढतं म्हणून तीव्रता १/x² ने घटते. जेटमध्येही क्षेत्रफळ x² नेच वाढतं, पण जे कायम आहे त्यात वेगाचा वर्ग आहे. पाण्याचं वस्तुमान वेगाने जातं आणि त्या वस्तुमानाबरोबर पुन्हा तोच वेग जातो, म्हणून U². तर r ही जेटची त्रिज्या धरली की U² गुणिले r² कायम, म्हणजे U गुणिले r कायम, आणि r जर x च्या प्रमाणात वाढत असेल तर U आपोआप १/x.

पण r हा x च्या प्रमाणात का वाढतो, ही खरी मेख आहे, आणि बरेच जण इथे "प्रयोगात दिसतं" म्हणून पुढे सरकतात. बघा, जेट रुंद होतो तो कडेच्या भोवऱ्यांमुळे. हे भोवरे बाहेरचं शांत पाणी आत ओढतात. ते किती जोरात फिरतात? मधल्या रेषेवरचा वेग आणि बाहेरचा शून्य वेग यांच्यातल्या फरकावर ते जगतात, म्हणून त्यांचा वेग U चा एक ठरावीक हिस्सा. म्हणजे कड बाजूला सरकते U च्या प्रमाणात, आणि पाणी पुढे जातं तेही U च्या प्रमाणात, तर सरकण्याचा उतार म्हणजे दोघांचा भागाकार, त्यातून U उडून जातो. उरतो एक स्थिर आकडा. म्हणून कड सरळ रेषेत, जेट शंकूसारखा. वेग दुप्पट केला तरी शंकूचा कोन तोच, नळ जोरात सोडला म्हणून तो अरुंद होत नाही. पहिल्यांदा हे ऐकून मला पटलं नव्हतं, रंग टाकून बघितल्यावर गप्प बसलो.

सूत्र काय आणि त्यातले आकडे कुठून येतात?

```
Uc / U0 = B * d / (x - x0)      B  ~ 6
r_half  = S * (x - x0)          S  ~ 0.095
```

Uc म्हणजे मधल्या रेषेवरचा सरासरी वेग. r_half म्हणजे मधून किती बाजूला गेल्यावर वेग निम्मा होतो ते अंतर. x0 बद्दल पुढे बोलू, सध्या शून्य धरा. B प्रयोगांमध्ये साधारण ५.८ ते ६.१ मिळतो आणि S ०.०९४ ते ०.१०. संवेगाचं गणित फक्त १/x देतं, ६ देत नाही, आकडा मोजूनच घ्यावा लागतो.

पण दोन्ही आकडे सुटे सुटे निवडता येत नाहीत, ही गोष्ट लोक विसरतात. वेगाची आडवी प्रोफाइल जवळपास घंटेच्या आकाराची, गॉसियन, असते. ती धरून संवेग बेरीज केली तर

```
J / rho = (pi / (2 ln 2)) * r_half^2 * Uc^2
```

आणि हे नोझलच्या आकड्याशी जुळलं पाहिजे. S ०.०९५ घेतला आणि सगळा संवेग सरासरी वेगातच आहे असं मानलं तर B ६.२ येतो. प्रत्यक्षात थोडा कमी येतो कारण संवेगाचा काही हिस्सा वेगाच्या चढउतारातून वाहतो, मधल्या रेषेवर चढउतार सरासरीच्या साधारण पाव असतो, तो काही नगण्य नाही. कुणी तुम्हाला B ७ आणि S ०.१२ असे दोन्ही एकत्र दिले तर बेरीज नोझलच्या दुप्पट येते, म्हणजे संवेग हवेतून आला. असा आकडा लगेच परत करा.

आपल्या नोझलचा हिशोब करून दाखवा ना.

अर्धा मीटर पुढे जाऊ, म्हणजे x/d = ५०. वेग ६ × २ / ५० = ०.२४ मीटर प्रति सेकंद. निम्म्या वेगाची त्रिज्या ०.०९५ × ०.५ = ४.७५ सेंटिमीटर. म्हणजे पेन्सिलीपेक्षा थोड्या जाड धारेचा हाताच्या पंज्याएवढा रुंद, संथ प्रवाह झाला.

आता संवेग तपासू. वरच्या सूत्रात टाकलं की ρ सकट ०.२९५ न्यूटन येतात, निघाले होते ०.३१४. साधारण ६ टक्के कमी, ते चढउतारांचे. जमलं.

एक मीटरवर वेग ०.१२, त्रिज्या ९.५ सेंटिमीटर, गुणाकार तोच. Uc गुणिले r कायम, म्हणून जेटचा स्वतःचा रेनॉल्ड्स नंबरही पुढे जाताना बदलत नाही, मंदावला म्हणून तो लॅमिनार, म्हणजे भोवऱ्यांविना थराथरांत वाहणारा, होईल ही आशा सोडा.

फ्लो रेट किती झाला मग?

नोझलमधून निघालं सेकंदाला ०.१५७ लिटर. अर्ध्या मीटरवर प्रोफाइलची बेरीज केली तर २.४५ लिटर. म्हणजे साधारण साडेपंधरा पट, एक मीटरवर ३१ पट. जास्तीचं सगळं पाणी बाजूने आत खेचलेलं. एक मीटरवर तुम्ही ज्याला "जेट" म्हणता त्यातलं ९७ टक्के पाणी नोझलमधून आलेलंच नसतं. रंग इतक्या लवकर फिका का पडतो त्याचं उत्तर इथेच आहे. हिशोबासाठी सोपा नियम: फ्लो वाढतो साधारण ०.३ × x/d पटीने. १९६१ मध्ये रिकू आणि स्पाल्डिंग यांनी हाच खेच मुद्दाम मोजला होता, त्यांचा आकडा ०.३२.

संवेग कायम आहे तर एनर्जी कुठे गेली?

भोवऱ्यांत गेली, मोठ्यांकडून छोट्यांकडे, आणि शेवटी उष्णतेत. एनर्जीत वेगाचा घन येतो, U³ r², म्हणून ती १/x ने घटते. आपल्या नोझलला निघताना ०.३१४ वॅट (न्यूटनएवढाच आकडा आला तो योगायोग, वेग २ आहे म्हणून), अर्ध्या मीटरवर सरासरी प्रवाहात उरले ०.०२४ वॅट, साडेसात टक्के. एक मीटरवर त्याच्याही निम्मे. बर्नोली लावून, म्हणजे एनर्जी कायम धरून, जेटचा वेग काढणारे असतात, त्यांचं बिंग इथे फुटतं.

तोच पंप ठेवून नोझल बारीक केलं तर धार लांबपर्यंत जोरात जाईल का?

हो, पण कारण नीट समजून घ्या. लांबवर U0 आणि d वेगवेगळे दिसतच नाहीत, दिसतो फक्त त्यांचा गुणाकार, कारण J त्याच्या वर्गाच्या प्रमाणात आहे. १० मिलिमीटर आणि २ मीटर प्रति सेकंद, ५ मिलिमीटर आणि ४, २० मिलिमीटर आणि १, हे तिन्ही जेट दोन मीटरवरून मोजले तर एकमेकांपासून ओळखता येणार नाहीत. आता पंप जर फ्लो रेट पक्का ठेवत असेल तर व्यास निम्मा केल्यावर वेग चौपट, गुणाकार दुप्पट, आणि लांबवरचा वेगही दुप्पट. बहुतेक खरे पंप असं करत नाहीत, नोझल आवळलं की दाब वाढतो आणि फ्लो पडतो. दाब पक्का असेल तर उलटं होतं: वेग तोच, व्यास निम्मा, लांबवरचा वेग निम्मा. म्हणून "बारीक नोझल चांगलं की जाड" या वादात पडण्याआधी पंपाचा कर्व्ह बघा, अर्धे लोक एका प्रकारचा पंप मनात धरून भांडत असतात आणि अर्धे दुसऱ्या.

कुठे कोन २४ अंश लिहिलाय, कुठे ११. कोणता बरोबर?

दोन्ही. निम्म्या वेगाची रेषा धरली तर एका बाजूला ५.४ अंश, दोन्ही मिळून ११. डोळ्याला दिसणारी रंगाची कड साधारण r = ०.२ x वर असते, तिथे सरासरी वेग मधल्याच्या ५ टक्क्यांवर आलेला असतो, तो शंकू साधारण २३-२४ अंशाचा. कोन सांगताना कड कुठली ते सांगितलंच पाहिजे. नाहीतर दुप्पट चूक.

x नोझलच्या तोंडापासून मोजायचा का?

तिथून मोजून चालतं, पण x0 वजा करायचा. पहिल्या चार ते सहा व्यासांपर्यंत मधला वेग उतरतच नाही, कडेचे भोवरे अजून मध्यावर पोचलेले नसतात, त्याला पोटेन्शियल कोअर म्हणतात. त्यानंतरही प्रोफाइल ठरायला वेळ लागतो. म्हणून वरचं सूत्र साधारण २०-३० व्यासांनंतरच विश्वासाने वापरा. लांबच्या सरळ शंकूच्या कडा मागे वाढवल्या की त्या नोझलच्या तोंडाशी नाही तर थोड्या पुढे-मागे एका बिंदूत मिळतात, तो आभासी उगम म्हणजे x0.

काढायचा कसा? U0/Uc उभ्या अक्षावर, x/d आडव्यावर. सरळ रेषा आली पाहिजे, तिचा उतार १/B. समजा ३० व्यासांवर U0/Uc ४.६५ आला आणि ६० वर ९.६६, तर उतार ५.०१/३० म्हणजे B = ५.९९, आणि रेषा आडव्या अक्षाला २.१६ व्यासांवर छेदते, तो x0. दोनच बिंदूंनी कधी करू नका, इथे फक्त दाखवायला केलं. Uc थेट x समोर काढून डोळ्याने १/x बसवणारे फसतात, कारण त्या वक्रात x0 ची चूक लपून जाते आणि सगळा दोष B वर येतो.

माझा वेग १/x पेक्षा जास्त उतरतोय. सूत्र चुकलं का?

बहुतेक टाकी लहान आहे. मी स्वतः यात बरेच दिवस घालवलेत, प्रोब तपासला, नोझल बदललं, आणि शेवटी कळलं की दोष टाकीच्या भिंतीचा.

होतं असं. जेट सेकंदाला काही लिटर पाणी बाजूने खेचतो. मोकळ्या जागेत ते अनंतातून येतं, बंद टाकीत ते येणार कुठून? जेटनेच पुढे नेलेलं पाणी भिंतीवर आपटून कडेने मागे येतं. मग जेट शांत पाण्यात उरत नाही, उलट्या प्रवाहात चालतो, आणि आत खेचलं जाणारं पाणी आता उणे संवेग घेऊन येतं. "बाजूने येणाऱ्याची जमा शून्य" हे आपलं गृहीतकच मोडलं.

किती मोडलं त्याचा अंदाज एका ओळीत निघतो. परतीचा संवेग साधारण rho Q²/A, Q म्हणजे फ्लो रेट आणि A म्हणजे टाकीचा आडवा छेद. टाकी अर्धा मीटर बाय अर्धा मीटर धरा, A = ०.२५. अर्ध्या मीटरवर Q २.४५ लिटर, तर rho Q²/A भागिले नोझलचा संवेग साधारण ८ टक्के. चालवून घेता येईल. एक मीटरवर Q दुप्पट, म्हणून हिस्सा चौपट, ३१ टक्के. आता तो मोकळा जेट नाहीच. लक्षात घ्या, परतीचा वेग फक्त २ सेंटिमीटर प्रति सेकंद आहे, बघून कुणाला संशयसुद्धा येत नाही.

ओळखायचं कसं? एक, U0/Uc चा आलेख सरळ जाता जाता वर वाकतो. दोन, आणि हे जास्त पक्कं, प्रत्येक छेदावर पूर्ण प्रोफाइल मोजून संवेगाची बेरीज करा आणि नोझलच्या आकड्याशी ताडून बघा. पुढे जाताना बेरीज घटत गेली तर संवेग गळतोय. ही तपासणी न केल्याची प्रसिद्ध शिक्षाही आहे: १९६९ चा विग्नान्स्की आणि फिडलर यांचा डेटा वर्षानुवर्षं प्रमाण मानला गेला, मग १९९४ मध्ये हुसेन, कॅप आणि जॉर्ज यांनी दाखवलं की त्यांच्या बंदिस्त जागेमुळे त्यात लांबवर संवेग कमी पडत होता. नव्या मापात B ५.८-५.९ च्या आसपास आला.

बेरीज जुळत नाहीये पण टाकी प्रचंड मोठी आहे. मग?

मग कडेचं माप बघा. जेटच्या कडेला सरासरी वेग कमी आणि चढउतार मोठे, तिथे पाणी क्षणाक्षणाला मागेही जातं. स्थिर हॉट-वायरला, म्हणजे वेग मोजणाऱ्या तापवलेल्या बारीक तारेला, दिशा कळत नाही, मागे जाणाऱ्यालाही ती पुढे जाणाराच समजते, त्यामुळे कडेचा वेग फुगतो. आणि बेरजेत कडेला r ने गुणलं जातं, म्हणून छोटी चूक मोठी होते. म्हणूनच १९९४ च्या त्या कामात वायर फिरवत ठेवली आणि सोबत लेझर डॉप्लरनेही मोजलं.

लॅमिनार जेट असेल तर?

गंमत म्हणजे तिथेही Uc १/x नेच उतरतो, १९३३ मध्ये श्लिख्टिंगने सोडवून ठेवलंय:

```
Uc = 3 J / (8 pi mu x)
```

फरक एवढाच की इथे पसरण्याचं काम पाण्याचा चिकटपणा, सूत्रातला mu, करतो, म्हणून कोन वेगावर अवलंबून असतो. आपल्या नोझलचे आकडे यात टाका, एक मीटरवर ३७ मीटर प्रति सेकंद! नोझलमधून २ ने निघालेलं पाणी. अर्थ असा की केवळ चिकटपणाच्या भरवशावर एवढा जेट रुंद व्हायला एक मीटर अजिबात पुरत नाही, सूत्र लागू व्हायच्या कितीतरी आधीची ही जागा आहे. रेनॉल्ड्स नंबर २०,००० ला तो लॅमिनार राहणारही नाही.

उलटं करून बघा. प्रत्यक्षातला वेग ०.१२ आहे, तर कुठला चिकटपणा टाकला की सूत्र तोच आकडा देईल? पाण्याच्या सुमारे ३१० पट. एवढं काम भोवरे करतात. आणि हा आकडा जेटभर तोच राहतो कारण भोवऱ्यांचा वेग गुणिले आकार म्हणजे पुन्हा Uc गुणिले r, जो कायम आहे. दोन वेगळे जेट, सूत्र एकच, ते यामुळे.

गोल भोकाऐवजी लांब फट असेल?

मग रुंदी एकाच दिशेने वाढते, U² गुणिले रुंदी कायम, म्हणून वेग १/√x ने उतरतो. फार हळू. गोल जेटचं सूत्र फटीला लावू नका, निदान जेट फटीच्या लांबीच्या मानाने अजून अरुंद आहे तोवर तरी.

हवेत हलका वायू सोडला तर B बदलतो का?

B नाही, व्यास बदलतो. जेटमध्ये लांबवर बहुतेक बाहेरचीच हवा असते, म्हणून संवेग हवेच्या घनतेने मोजायचा आणि d च्या जागी d × √(जेटची घनता / बाहेरची घनता) टाकायचा. हीलियमसाठी हा गुणक ०.३७, म्हणजे त्याच वेगाने सोडलेला हीलियम जेट हवेच्या जेटपेक्षा लवकर मंदावतो. लांबवर तो वर उचलला जातो तेव्हा प्लावक बल संवेग वाढवायला लागतं आणि हा हिशोब संपतो.

नोझलमधून निघालेलं पाणी एक मीटर जायला किती वेळ घेतं?

मधल्या रेषेवरच्या सरासरी वेगाने गेलं तर dx/dt = B U0 d / x, सोडवलं की t = x² / (2 B U0 d). आपल्यासाठी १ / ०.२४, साधारण ४.२ सेकंद. दोन मीटरला दुप्पट नाही, चौपट, १७ सेकंद. आणि नळ आत्ताच उघडला असेल तर जेटचं पुढचं टोक, म्हणजे टोपी, याहून हळू जाते, कारण तिला शांत पाणी ढकलत जावं लागतं, त्यामुळे स्टॉपवॉच लावून टोपीवरून मधल्या रेषेचा वेग काढू नका, तो कमीच येईल.